शेजारचं घर १५ पावलांवर: ग्रिडवर बीएफएस आणि डीएफएस

भूलभुलैयातला सर्वांत छोटा रस्ता शोधायचा असेल तर बीएफएस, म्हणजे ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, वापरा, हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. डीएफएस, म्हणजे डेप्थ-फर्स्ट सर्च, का चालत नाही, असं विचारलं की मात्र "तो खोल जातो ना" यापुढे गाडी सरकत नाही. खोल जाण्यात तसं वाईट काही नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती एक लहानसं ग्रिड हाताने सोडवल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून इथे पाच बाय पाचचा एकच भूलभुलैया घेऊ आणि तोच शेवटपर्यंत वापरू.

```
S....
.###.
.#...
.#.#.
...#E
```

`S` म्हणजे सुरुवात, `E` म्हणजे शेवट, `#` म्हणजे भिंत आणि टिंब म्हणजे मोकळं घर. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चारच दिशांना एकेक घर सरकता येतं; तिरकं जाता येत नाही. घराचा पत्ता लिहिताना आधी ओळ, मग स्तंभ, आणि मोजणी शून्यापासून. म्हणजे `S` आहे (०,०) वर आणि `E` आहे (४,४) वर. भिंती सोडल्या तर एकूण १८ घरं मोकळी आहेत.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी दोन रस्ते दिसतात. वरच्या ओळीतून उजवीकडे जाऊन सरळ खाली उतरलं की ८ पावलं. डाव्या कडेने खाली उतरून, मधल्या भागातून वर चढून, पुन्हा खाली आलं की १२ पावलं. प्रोग्रामने ८ हे उत्तर द्यायला हवं.

आधी बीएफएस. यात एक रांग असते, जिला प्रोग्रामिंगमध्ये क्यू म्हणतात. सुरुवातीचं घर अंतर ० लिहून रांगेत ठेवायचं. मग दर वेळी रांगेच्या तोंडाशी असलेलं घर बाहेर काढायचं, त्याचे चारही शेजारी पाहायचे, आणि ज्या मोकळ्या शेजाऱ्यावर अजून आकडा पडलेला नाही त्याच्यावर एकने वाढवलेला आकडा लिहून त्याला रांगेच्या शेपटाला लावायचं. बस्स, एवढंच.

आपण शेजारी पाहण्याचा क्रम ठरवून टाकू: खाली, उजवीकडे, वर, डावीकडे. (०,०) बाहेर आलं की (१,०) आणि (०,१) रांगेत जातात, दोघांवर १ हा आकडा. मग (१,०) बाहेर येतं आणि (२,०) वर २ लिहितं. त्यानंतर पाळी (०,१) ची, ते (०,२) वर २ लिहितं. इथून पुढे दोन्ही वाटा आळीपाळीने एकेक घर पुढे सरकतात. डाव्या वाटेला जास्त भाव नाही आणि वरच्या वाटेला कमीही नाही. अंतर ६ पर्यंत डावी वाट (४,२) ला पोचलेली असते आणि वरची (२,४) ला. पुढच्या फेरीत (४,२) आपल्या वरच्या घरावर, म्हणजे (३,२) वर, ७ लिहितं. (२,४) मात्र दोन घरांवर ७ लिहितं: खालच्या (३,४) वर आणि डावीकडच्या (२,३) वर. मग (३,२) बाहेर येऊन (२,२) वर ८ लिहितं आणि (३,४) बाहेर येऊन `E` वर ८ लिहितं. त्यानंतर (२,३) ची पाळी येते. तेही (२,२) कडे पाहतं, पण तिथे आधीच ८ आहे, म्हणून ते गप्प बसतं. हा शेवटचा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

सगळं संपल्यावर ग्रिड असं दिसतं:

```
0  1  2  3  4
1  #  #  #  5
2  #  8  7  6
3  #  7  #  7
4  5  6  #  8
```

जमिनीवर सांडलेलं पाणी जसं सगळीकडे सारखं पसरत जातं, तसे हे आकडे पसरलेत. पण ही उपमा म्हणजे पुरावा नाही. रांगेतून हे आपोआप का घडतं, ते बघायला हवं.

कळीची गोष्ट ही: कोणत्याही क्षणी रांगेत जास्तीत जास्त दोनच आकड्यांची घरं असतात, आणि तीही लागून असलेल्या दोन आकड्यांची. आधी काही d वाली, मग काही d+१ वाली. कारण d आकड्याचं घर बाहेर पडलं की ते फक्त d+१ चीच घरं आत टाकू शकतं, आणि तीही शेपटाला. म्हणजे d वाली सगळी घरं संपल्याशिवाय d+१ वाल्या एकाचीही पाळी येत नाही. आता समजा एखाद्या घराचं खरं अंतर ५ आहे. मग त्याचा निदान एक शेजारी ४ अंतरावर असणारच, आणि तो शेजारी रांगेतून बाहेर पडेल तेव्हा अंतर ५ चं एकही घर अजून बाहेर पडलेलं नसेल. त्यामुळे आपल्या घरावर ६ किंवा ७ लिहायची संधी कुणालाही मिळायच्या आत त्यावर ५ लिहून झालेला असतो. बीएफएसमध्ये घरावर पडलेला पहिला आकडा हाच शेवटचा आकडा, तो पुन्हा कधी तपासावा लागत नाही. "या घराला भेट दिली, आता इथे परत यायचं नाही" अशी खूण करणं बीएफएसला परवडतं ते एवढ्याचसाठी.

हा विचार जुना आहे. एडवर्ड मूर या अमेरिकन गणितज्ञाने भूलभुलैयातून सर्वांत छोटा रस्ता काढण्याची हीच रीत मांडली आणि त्याचा निबंध १९५९ मध्ये छापून आला. पुढे १९६१ मध्ये सी. वाय. ली याने सर्किटमधल्या जोडण्यांचे मार्ग आखायला तीच रीत ग्रिडवर वापरली. तारेने कोणत्या घरांतून जावं म्हणजे ती सर्वांत आखूड होईल, हा त्याचा प्रश्न होता, आणि तिथे भिंतींच्या जागी आधी टाकलेल्या तारा होत्या. नुसतं अंतर कळून त्याचं भागत नव्हतं, रस्ताही हवा होता. रस्ता काढणं सोपं आहे: `E` पासून उलटं चालायला लागायचं आणि दर पावलाला एकने कमी आकडा असलेल्या शेजाऱ्याकडे जायचं. आपल्या ग्रिडवर ८ वरून ७, मग ६, ५, ४ असं करत शून्यापर्यंत. असा शेजारी नेहमी सापडतोच, कारण त्यानेच तर तो आकडा लिहिलेला असतो.

प्रोग्राम एवढाच होतो:

```python
from collections import deque

def bfs(grid, start, end):
    rows, cols = len(grid), len(grid[0])
    dist = [[-1] * cols for _ in range(rows)]
    dist[start[0]][start[1]] = 0
    q = deque([start])
    while q:
        r, c = q.popleft()
        if (r, c) == end:
            return dist[r][c]
        for dr, dc in ((1, 0), (0, 1), (-1, 0), (0, -1)):
            nr, nc = r + dr, c + dc
            if (0 <= nr < rows and 0 <= nc < cols
                    and grid[nr][nc] != '#' and dist[nr][nc] == -1):
                dist[nr][nc] = dist[r][c] + 1
                q.append((nr, nc))
    return -1
```

यातली `0 <= nr` ही तपासणी पायथॉनमध्ये विसरलात तर एरर येत नाही, हे त्यातलं वाईट. `grid[-1]` म्हणजे शेवटची ओळ असा अर्थ पायथॉन लावतो, आणि वरच्या कडेवरून बाहेर पडलेला रस्ता गुपचूप खालच्या कडेतून आत येतो. उत्तर अपेक्षेपेक्षा लहान आलं, किंवा रस्ता असूनही -१ आलं, तर आधी इथे बघा.

आता तोच भूलभुलैया डीएफएसला देऊ. दिशांचा क्रम तोच: खाली, उजवीकडे, वर, डावीकडे. डीएफएस घरात शिरतो, खूण करतो, आणि पहिला मोकळा, खूण नसलेला शेजारी दिसला की लगेच त्याच्यात शिरतो. बाकीच्या शेजाऱ्यांचा विचार परत आल्यावर. तर तो (०,०) वरून खाली, खाली, खाली करत (४,०) ला जातो, उजवीकडे वळून (४,२) ला, वर चढून (२,२) ला, तिथून उजवीकडे (२,४) ला आणि खाली `E` ला. पावलं १२. इथेच थांबलो तर उत्तर १२, म्हणजे चूक.

न थांबता त्याला सगळं ग्रिड फिरू दिलं तर काय होतं, ते जास्त बोलकं आहे. `E` वरून तो मागे (२,४) ला येतो. तिथे त्याला वरचा शेजारी (१,४) मोकळा दिसतो, त्यावर तो ११ लिहितो. मग (०,४) वर १२, आणि तिथून वरच्या ओळीने उलटा, डावीकडे चालत सुटतो: १३, १४, १५.

```
0  15  14  13  12
1   #   #   #  11
2   #   8   9  10
3   #   7   #  11
4   5   6   #  12
```

(०,१) हे घर `S` ला अगदी चिकटून आहे. खरं अंतर १, आणि डीएफएसने लिहिलं १५. आणि गंमत म्हणजे `S` जेव्हा शेवटी आपल्या उजवीकडे पाहतो, तेव्हा तिथे खूण दिसते आणि तो माघार घेतो. एका पावलाचा रस्ता त्याच्यासमोर उघडा असतो, पण "इथे आधीच जाऊन आलोय" ही खूण तो बंद करते.

खरी अडचण ती हीच. दोन्ही पद्धतींत खूण सारखीच दिसते, पण तिचा अर्थ वेगळा आहे. बीएफएसमध्ये खुणेचा अर्थ "इथलं सर्वांत कमी अंतर कळलं" असा होतो. डीएफएसमध्ये तिचा अर्थ फक्त "इथवर पोचता येतं" एवढाच. पोचता येतं का, या प्रश्नाला ती खूण पुरेशी आहे. किती पावलांत, याला ती काहीच उत्तर देत नाही.

याच ग्रिडवर दिशांचा क्रम बदलून उजवीकडे, खाली, डावीकडे, वर असा केला की डीएफएस थेट वरच्या ओळीने जातो आणि ८ हे बरोबर उत्तर देतो! म्हणूनच चुकीचा डीएफएस नमुन्याच्या चाचण्यांतून सहीसलामत सुटतो. माझ्या मते याची सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे दिशांची यादी उलटी करून प्रोग्राम पुन्हा चालवणं. बीएफएसचं उत्तर दिशांच्या क्रमावर अवलंबून नसतं. रस्ता बदलेल कदाचित, लांबी बदलणार नाही. यादी उलटवल्यावर लांबी बदलली तर प्रोग्राममध्ये कुठेतरी डीएफएस लपलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

लपलेला म्हणतोय ते उगाच नाही. वरच्या प्रोग्राममध्ये `popleft()` च्या जागी चुकून `pop()` लिहिलं की रांगेचा स्टॅक होतो, म्हणजे शेवटी आलेलं घर आधी बाहेर पडतं. आपल्या ग्रिडवर या क्रमाने उत्तर नशिबाने ८ च येतं, पण दिशांची यादी उलटी केली की १२ येतं. फंक्शनचं नाव मात्र `bfs` च राहतं.

इथपर्यंत आलं की डीएफएस आवडणारी माणसं दुरुस्त्या सुचवतात. त्या मनापासून तपासण्यासारख्या आहेत, कारण प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या कारणाने फसते.

पहिली दुरुस्ती: परत फिरताना खूण पुसून टाकायची, म्हणजे दुसऱ्या रस्त्याने त्या घरात पुन्हा शिरता येईल. `seen[r][c] = False` अशी एक ओळ वाढवायची आणि सगळ्या रस्त्यांतला सर्वांत छोटा लक्षात ठेवायचा. उत्तर बरोबर येतं, शंका नाही. पण आता प्रोग्राम एकही घर दोनदा न ओलांडणारे सगळेच्या सगळे रस्ते मोजत बसतो. भिंत नसलेल्या ग्रिडवर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारे असे रस्ते तीन बाय तीनमध्ये १२ असतात. चार बाय चारमध्ये १८४, पाच बाय पाचमध्ये ८,५१२, सहा बाय सहामध्ये १२,६२,८१६, आणि सात बाय सातमध्ये ५७,५७,८०,५६४. सात बाय सात म्हणजे जेमतेम ४९ घरं! बीएफएस तिथे ४९ घरं रांगेत घालून-काढून मोकळा होतो.

दुसरी दुरुस्ती जरा हुशार आहे: खूण ठेवू नका, आकडा ठेवा, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तरच पुन्हा आत शिरा. आपल्या ग्रिडवर हे चालतं. `S` उजवीकडे पाहतो, (०,१) वर १५ दिसतो, १ त्याहून लहान, म्हणून आत शिरतो आणि वरची ओळ, उजवी बाजू, `E` आणि (२,३) अशी नऊ घरं नव्याने लिहितो. (२,२) ला पोचल्यावर जुना ८ आणि नवा ८ सारखेच, म्हणून थांबतो. उत्तर ८. पण १८ पैकी ९ घरं दोनदा लिहावी लागली, आणि हा तर दोनच वाटांचा भूलभुलैया होता. मोकळ्या मैदानासारख्या ग्रिडवर एकेका घरावरचा आकडा पुन्हा पुन्हा खोडून लिहावा लागतो, आणि दर वेळी त्याच्या पुढची सगळी घरंही. बीएफएसमध्ये जो आकडा एकदाच लिहायचा, तो इथे कितीदा लिहावा लागेल याला धरबंध राहत नाही.

तिसरी दुरुस्ती सर्वांत फसवी. डायनॅमिक प्रोग्रामिंग नुकतंच शिकलेल्यांना ती हमखास सुचते. प्रत्येक घरापासून `E` पर्यंतचं अंतर म्हणजे शेजाऱ्यांच्या अंतरांपैकी सर्वांत कमी अधिक एक. मग रिकर्शनने काढा आणि उत्तर साठवून ठेवा. गोल फिरू नये म्हणून चालू रस्त्यातली घरं वगळा. कागदावर अगदी निर्दोष वाटतं.

आपल्या ग्रिडवर चालवून बघा. खालचा रस्ता आधी, म्हणून प्रोग्राम (२,४) ला डावीकडून येतो. खाली `E` दोन पावलांवर सापडतं. मग तो वर (१,४) ला विचारतो, तो (०,४) ला, तो (०,३) ला, असं करत पाळी (०,१) वर येते. (०,१) चे मोकळे शेजारी दोनच, `S` आणि (०,२), आणि दोघेही चालू रस्त्यात आहेत, म्हणून वगळलेले. तेव्हा (०,१) सांगतो: माझ्यापासून `E` ला रस्ताच नाही, अंतर अनंत. हे उत्तर साठवलं जातं. (०,२), (०,३), (०,४), (१,४) हे सगळे तेच म्हणतात. शेवटी `S` उजवीकडे (०,१) ला विचारतो, तर साठवलेलं उत्तर तयार असतं: अनंत. खरं तर (०,१) पासून `E` फक्त ७ पावलांवर आहे. प्रोग्राम १२ सांगून मोकळा.

चूक कुठे झाली? (०,१) ने दिलेलं उत्तर त्या वेळच्या रस्त्यापुरतं खरं होतं, कारण काही घरं तेव्हा वगळलेली होती. साठवताना मात्र ते कायमचं खरं मानलं गेलं. फक्त उजवीकडे आणि खाली जायची परवानगी असेल तर गोल फिरणं शक्यच नसतं, काही वगळावं लागत नाही, आणि ही रीत बिनतक्रार चालते. चारही दिशा उघड्या झाल्या की ती कोसळते. अशा प्रश्नात "फक्त उजवीकडे आणि खाली" हे शब्द आहेत का, ते आधी नीट वाचावं.

आता बीएफएसचीही एक खोड. वर म्हटलेला (२,२) चा प्रसंग आठवा: (३,२) ने त्याला रांगेत टाकलं, आणि नंतर (२,३) ला तिथे आकडा दिसला म्हणून तो गप्प बसला. आपण घर रांगेत टाकतानाच खूण करतो म्हणून हे घडलं. बरेच जण खूण करतात ती घर रांगेतून बाहेर काढताना. मग (२,३) ला (२,२) वर खूण दिसत नाही, आणि ते घर रांगेत दोनदा जातं.

दोनदा गेलं तर काय बिघडलं? या ग्रिडवर काही नाही. पण बाहेर काढल्यावर "यावर आधीच खूण आहे का" हे न तपासता दोन्ही प्रतींचे शेजारी पुन्हा रांगेत टाकले, तर प्रती पुढे वाढत जातात. भिंत नसलेल्या ग्रिडवर प्रत्येक घराच्या प्रतींची संख्या त्या घरापर्यंतच्या सर्वांत छोट्या रस्त्यांच्या संख्येइतकी होते. दहा बाय दहाच्या समोरच्या कोपऱ्यात ४८,६२० प्रती. वीस बाय वीसमध्ये साडेतीन हजार कोटींच्या वर. उत्तर शेवटपर्यंत बरोबरच असतं, म्हणून ही चूक शोधताना माणूस भलतीकडेच बघत राहतो. लहान ग्रिडवर झटपट, थोड्या मोठ्या मोकळ्या ग्रिडवर एकदम ठप्प, आणि भिंती जास्त घातल्या की पुन्हा झटपट, असं वागणं दिसलं तर खूण कुठे करताय ते पाहा. रांगेची लांबी छापून बघितली की लगेच कळतं: नीट लिहिलेल्या बीएफएसमध्ये ती ग्रिडमधल्या घरांच्या संख्येपलीकडे कधीच जात नाही.

मेमरीबद्दल एक समज फार पसरलेला आहे: डीएफएसला मेमरी कमी लागते. झाडासारख्या रचनेत ते बऱ्याचदा खरं असतं, कारण तिथे खोली कमी आणि पसारा जास्त असतो. ग्रिडवर नेमकं उलटं होतं. १००० बाय १००० चं मोकळं ग्रिड घ्या. कोपऱ्यातून निघालेल्या बीएफएसच्या रांगेत एका वेळी फार तर शेजारच्या दोन तिरक्या रेषांवरची घरं असतात, म्हणजे दोन हजारांच्या आत. डीएफएस त्याच आपल्या क्रमाने (खाली, उजवीकडे, वर, डावीकडे) निघाला तर पहिल्या स्तंभातून खाली, तळाच्या ओळीतून उजवीकडे, शेवटच्या स्तंभातून वर, आणि मग उरलेल्या स्तंभांतून वरखाली नागमोडी चालत, एकदाही मागे न फिरता, सगळी घरं ओलांडतो. रिकर्शनची खोली १० लाख. हा प्रवास कुठे संपतो माहीत आहे? `S` च्या लगेच उजवीकडच्या घरात. त्यावर आकडा पडतो ९,९९,९९९.

पायथॉनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, म्हणजे ३२ बाय ३२ च्या मोकळ्या ग्रिडवरच, जिथे १,०२४ घरं आहेत, हा डीएफएस `RecursionError` देऊन पडतो. `sys.setrecursionlimit` ने मर्यादा वाढवून बहुतेक जण पुढे जातात, पण त्याने फक्त पायथॉनचा पहारा हटतो. खालचा स्टॅक तेवढाच राहिला तर अख्खा प्रोग्रामच कोसळू शकतो. मोठ्या ग्रिडवर डीएफएस हवाच असेल तर रिकर्शन सोडून स्वतःची यादी स्टॅक म्हणून वापरावी.

मग ग्रिडवर डीएफएस वापरायचाच कशाला? वापरायचा, जिथे खुणेचा "पोचता येतं" एवढाच अर्थ पुरेसा आहे तिथे. पाण्याने वेढलेली बेटं किती आहेत, एका रंगाचा पट्टा कुठवर पसरलाय, `S` पासून `E` ला जाता येतं की नाही, या प्रश्नांत अंतराचा संबंधच नाही. तिथे डीएफएस चार ओळींत लिहून होतो आणि बीएफएसइतकाच वेळ घेतो, कारण दोघेही प्रत्येक घराला एकदाच भेट देतात. सगळे रस्ते हवे असतील, किंवा सर्वांत लांब रस्ता हवा असेल, तर खूण पुसणारा डीएफएस हा सर्वांत सोपा मार्ग. फक्त ग्रिड लहान ठेवावं. आणि ज्या भूलभुलैयात कुठल्याही दोन घरांमध्ये एकच रस्ता असतो, तिथे छोटा-मोठा हा भेदच उरत नाही, डीएफएसचं उत्तर बरोबरच येतं. एकोणिसाव्या शतकात ट्रेमो या फ्रेंच माणसाने भूलभुलैयातून बाहेर पडण्याचा नियम दिला होता: वाटेवर खुणा करा, नवी वाट असेल तर ती घ्या, नसेल तर आल्या पावली मागे फिरा. तो बघायला गेलं तर डीएफएसच. माणूस स्वतः आत अडकलेला असताना बीएफएस करणं शक्यच नसतं, कारण रांगेतलं पुढचं घर भूलभुलैयाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतं.

आणि बीएफएस कुठे चुकतो? त्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: प्रत्येक पावलाची किंमत सारखी. काही घरांत चिखल आहे आणि तिथे पाऊल टाकायला ५ लागतात असं म्हटलं, की d वालं घर d+५ वालं घर रांगेत टाकतं, रांगेतला क्रम बिघडतो, आणि पहिला आकडा शेवटचा राहत नाही. मग रांगेऐवजी सर्वांत लहान आकडा आधी बाहेर देणारी रचना घ्यावी लागते, म्हणजे डायक्स्ट्राची रीत. किंमत फक्त ० किंवा १ असेल, उदाहरणार्थ मोकळ्या घरात शिरायला ० आणि भिंत फोडायला १, तर तेवढंही लागत नाही: ० च्या पावलाने मिळालेलं घर रांगेच्या तोंडाला लावायचं, १ च्या पावलाचं शेपटाला. रांगेत लागून असलेले दोनच आकडे राहतात, आणि वरचा सगळा युक्तिवाद जवळपास तसाच्या तसा लागू पडतो. फरक इतकाच की शेपटाशी उभ्या असलेल्या घराला नंतर ० च्या पावलाने लहान आकडा मिळू शकतो. म्हणून इथे "आकडा आहे का" असं न विचारता "नवा आकडा लहान आहे का" असं विचारावं लागतं, आणि आकडा पक्का मानायचा तो घर रांगेतून बाहेर पडताना.